नँड बांधलं, मीटरला नॉर दिसलं

गोव्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळतो. जुलैतली दुपार होती, बाहेर धो धो पाऊस. दुसऱ्या वर्षाच्या बॅचला CD4007 या चिपवर नँड गेट, म्हणजे दोन्ही इनपुट १ असतील तेव्हाच ० देणारं सर्किट, बांधायचं होतं. या चिपमध्ये सहाच ट्रान्झिस्टर असतात, तीन पीमॉस आणि तीन एनमॉस, आणि त्यातल्या बहुतेकांची टोकं पायांवर मोकळी मिळतात. तयार नँडची चिप पाच मिनिटांत चालते, पण आत काय आहे ते कळत नाही, म्हणून मी हीच देतो.

पेडण्याची एक मुलगी आणि साखळीचा तिचा जोडीदार वही घेऊन आले. "सर, आमचं नँड नाही झालं, नॉर झालंय. पण नॉर एकदम बरोबर येतंय." वहीत चार ओळी होत्या. दोन्ही इनपुट ० असताना ५ व्होल्ट, बाकी तिन्ही वेळी ०. खरंच नॉरचाच तक्ता.

"वायरिंग उलटं झालं असेल, बदला," म्हणून मी त्यांना परत पाठवणार होतो. पण बोर्डाकडे नजर गेली आणि थांबलो. खालचे दोन एनमॉस सरळ एकामागे एक, सिरीजमध्ये होते. नँडला तेच हवं असतं. मग नॉर येईल कसं?

हे नीट समजण्यासाठी गेटची रचना डोळ्यांपुढे हवी. सीमॉस गेटचे दोन भाग असतात. आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत एनमॉसचं जाळं, ते पुल-डाऊन. आउटपुटपासून +५ व्होल्टपर्यंत पीमॉसचं जाळं, ते पुल-अप. इनपुट १ असेल तर एनमॉस चालू होतो, ० असेल तर पीमॉस. नँडचं आउटपुट दोन्ही इनपुट १ असतानाच खाली जायला हवं, म्हणून एनमॉस सिरीजमध्ये. आणि एकही इनपुट ० असलं तरी वर राहायला हवं, म्हणून पीमॉस समांतर. खाली सिरीज तर वर समांतर, खाली समांतर तर वर सिरीज. डी मॉर्गनचा नियमच तारांमध्ये उतरलेला असतो. त्यामुळे इनपुट काहीही असले तरी आउटपुट दोन जाळ्यांपैकी नेमक्या एकाच्याच वाटेनं जोडलेलं असतं.

या जोडीनं खालचं जाळं नँडचं घेतलं होतं आणि वरचं नॉरचं. १३ आणि २ नंबरचे पाय एका तारेनं जोडले, म्हणजे वरचे दोन पीमॉसही सिरीजमध्ये गेले. आता इनपुट ० आणि १ दिले की वरच्या रांगेतला एक बंद, खालच्या रांगेतलाही एक बंद. आउटपुट ना वर जोडलेलं, ना खाली. तरीही मीटर ठामपणे शून्य दाखवत होता.

"खालची वाट बंद आहे," मी म्हटलं. "मग आउटपुटला खाली कोण ओढतंय?"

दोघं बोर्डाकडे बघत राहिले. शेवटी साखळीकर म्हणाला, "मीटर?"

मीटरच. आमच्या डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध सुमारे १० मेगाओहम आहे. एरवी तो इतका मोठा की विसरलात तरी चालतं. पण इथे आउटपुटला दुसरं काहीच जोडलेलं नव्हतं. ब्रेडबोर्डची पट्टी आणि पाय मिळून धारिता पंधरा-वीस पिकोफॅरॅड धरा. त्यातला विद्युतभार १० मेगाओहममधून मिलिसेकंदभरात निघून जातो. मीटर टेकवला की आउटपुट शून्यावर.

खात्रीसाठी मी तिला काळी तार ग्राउंडवरून काढून +५ वर लावायला सांगितली. लाल तार आउटपुटवरच. पुन्हा शून्य. "आता आउटपुट किती?" तिनं जरा विचार केला. "म्हणजे... पाच?" हो, पाच. इनपुट तेच, बोर्ड तोच, मीटर खाली बांधला तर आउटपुट ०, वर बांधला तर ५. खऱ्या चालू गेटमध्ये ही दोन वाचनं जोडली, चिन्ह सोडून, तर बेरीज ५ व्होल्ट यायलाच हवी. इथे शून्य अधिक शून्य.

मग मीटर बाजूलाच ठेवला. चिपमधली तिसरी जोडी उरली होतीच, तिचा इन्व्हर्टर करून आउटपुटला जोडला आणि त्याच्यापुढे एक एलईडी लावला, आउटपुट १ असेल तर पेटणारा. मॉस ट्रान्झिस्टरचं इनपुटचं टोक प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे बघण्यानं काही बिघडत नाही. दोन्ही इनपुट ०, एलईडी पेटला. पहिलं इनपुट १ केलं, पेटलेलाच राहिला. दुसरंही १ केलं, विझला. आता दुसरं परत ० केलं. इनपुट मघाचेच, १ आणि ०, पण एलईडी विझलेलाच!

"सर, याला आधीचं आठवतंय," मुलगी म्हणाली. शेजारच्या टेबलांवरची मुलंही येऊन उभी राहिली. लॅबची वेळ संपत आली होती, पण असं दृश्य पाठ्यपुस्तकाच्या जोरावर दाखवता येत नाही, तेव्हा मी वेळ वाढवली.

आठवतंय हे शब्दशः खरं. दोन्ही इनपुट सारखे असले की आउटपुट ठरतं, वेगळे असले की आधीचा भार तसाच राहतो. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डेव्हिड मुलर यांनी याच वागणुकीचं सर्किट घड्याळाच्या ठोक्याशिवाय चालणाऱ्या यंत्रांसाठी मांडलं. त्याला मुलर सी-एलिमेंट म्हणतात. आमच्या बोर्डावर त्याचीच उलट आउटपुटची, कच्ची आवृत्ती होती. कच्ची अशासाठी की आठवण फक्त त्या इवल्याशा भाराची. पावसाळी हवेत बोर्डावरून भार गळतो, पेटता ठेवलेला एलईडी काही सेकंदांत मंद व्हायला लागला. आउटपुट मध्येच कुठेतरी आलं की इन्व्हर्टरमधले दोन्ही ट्रान्झिस्टर अर्धवट चालू होतात. तारेजवळ नुसतं बोट नेलं तरी एलईडी थरथरत होता, हाताबरोबर येणाऱ्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे. पक्कं सी-एलिमेंट हवं असेल तर आउटपुट धरून ठेवायला एक कमजोर इन्व्हर्टरांची जोडी लावतात.

दुरुस्ती तशी किरकोळ. १३ आणि २ मधली तार काढली, २ नंबर १४ ला म्हणजे +५ ला जोडला, १३ नंबर आउटपुटवर आणला. पीमॉस समांतर झाले आणि तक्ता १, १, १, ० आला. दोन्ही बाजूंनी मोजून बेरीज ५.

ही चूक एकाच जातीची. तिचं भावंड म्हणजे दोन्ही जाळी समांतर करणं. मग ० आणि १ ला वरचा एक आणि खालचा एक असे दोघंही चालू, वीज +५ वरून थेट ग्राउंडला वाहते आणि आउटपुट ना ० ना ५, मध्येच अडकतं. तिथे दोन वाचनांची बेरीज मात्र ५ येते, कारण आउटपुट दोन्हीकडून घट्ट धरलेलं असतं. म्हणून बेरजेची युक्ती तिथे उपयोगाची नाही. ती चूक आकड्यावरूनच कळते, किंवा सप्लायवरचा प्रवाह वर गेल्यावरून. स्थिर उभं असलेलं नीट सीमॉस गेट प्रवाह जवळजवळ घेतच नाही.

पुढच्या बॅचपासून जर्नलच्या तक्त्यात आउटपुटचे दोन रकाने केले आहेत, एक ग्राउंडपासून आणि एक +५ पासून. तिसऱ्यात सप्लायचा प्रवाह.