रक्त येत होतं का?

दुपारी सव्वादोनला आमचा एक रायडर लंगडत सेंटरवर आला. पोटरीला रुमाल घट्ट बांधलेला. गेटजवळ भटकं कुत्रं चावलं होतं, तरी आणखी दोन पार्सलं देऊनच आला. उशीर झाला की पैसे कापले जातात, म्हणून. ही पद्धत ठरवणाऱ्यांनी एकदा ती पोटरी बघायला हवी होती.

रुमाल सोडला, त्याला नळाखाली बसवलं आणि साबण लावून घड्याळात बघत पंधरा मिनिटं जखम धुतली. दोन मिनिटांतच तो म्हणाला, "झालं सर, साफ झाली." पण जखमेतले विषाणू धुऊन काढायचे तर एवढा वेळ लागतोच. मग पोव्हिडोन आयोडीन लावलं आणि जखम उघडीच ठेवली. पँट फाटलेली नव्हती, पण आत दातांची दोन भोकं होती.

रिपोर्ट मी लिहिला. 'रक्तस्राव' या रकान्यात 'नाही' लिहिलं, कारण मी पाहिलं तेव्हा रक्त येत नव्हतं. त्यानेही दवाखान्यात "थोडं खरचटलंय" सांगितलं. रेबीजची लस आणि धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन त्याला परत पाठवलं.

रात्री त्याचा रुमाल बेसिनवर दिसला. त्यावर वाळलेल्या रक्ताचे दोन डाग होते. रेबीजच्या उपचारासाठी चाव्याच्या श्रेणी ठरलेल्या आहेत: रक्त न येता नुसतं खरचटलं तर दुसरी, दात कातडीच्या आत गेला तर तिसरी. तिसरीत लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला अडवणारी तयार प्रतिपिंडंही जखमेत आणि जखमेभोवती टोचावी लागतात, कारण लसीने शरीरात संरक्षण तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. तोवर जखमेतला विषाणू अडवायला दुसरं काही नसतं.

सकाळी रुमाल घेऊन मीच त्याच्याबरोबर गेलो. लसीच्या पहिल्या डोसानंतर सात दिवसांपर्यंत इम्युनोग्लोब्युलिन देता येतं, त्यामुळे वेळ गेली नव्हती. डॉक्टरांनी त्याचं वजन करून डोस काढला. पोटरीत सुई जाताना त्याने माझा हात धरला होता.

कळवलं कोणाला? वरच्या ऑफिसला, त्याच्या बायकोला, पालिकेच्या कुत्र्यांच्या विभागाला आणि त्या गेटवरच्या वॉचमनला. सगळ्यांत कामाला आला तो वॉचमनच. कुत्रं दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावलं तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं मानता येतं. वॉचमन रोज संध्याकाळी फोन करायचा, "खातंय, भुंकतंय." पाचव्या दिवशी म्हणाला, "दिसलं नाही, दादा." पुढेही दिसलं नाही. मग लसीचा एकही डोस चुकवायचा प्रश्नच नव्हता. शेवटचा अठ्ठाविसाव्या दिवशी झाला. रायडर आज कामावर आहे.

रिपोर्टमधलं ते 'नाही' मी खोडून 'होय' केलं, शेजारी तारीख घालून सही केली. आता त्या रकान्याआधी मी विचारतो, "चावलं त्या क्षणी काय दिसलं?" आणि कपडा, रुमाल, मोजा, जे असेल ते आधी उलटून बघतो.