गार हवा, शिळी हवा

«बसमध्ये तुम्ही मास्क लावता. ऑफिसात मात्र मास्क नाही, पण एसी चालू असताना खिडकी उघडायला लावता. हे काय गणित आहे?»

गणितच आहे, आणि माझं काम इमारतींच्या हवेचंच असल्यामुळे ते मला करावंही लागतं.

भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, पण श्वासातून आलेले बारीक कण तिच्यातून सहज निघून जातात. मध्यवर्ती एसीत ताजी हवा घेणारी झडप असते, पण वीज वाचवायची म्हणून ती जवळजवळ बंद करून ठेवलेली मी बरेचदा पाहिली आहे. आत बसणाऱ्याला काही कळत नाही, कारण गारवा तर असतोच.

मग कळायचं कसं? आपण सोडतो त्या श्वासात साधारण 4 टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, म्हणून खोलीतला हा वायू किती वाढला यावरून आपण दुसऱ्यांनी सोडलेली हवा किती घेतोय ते ताडता येतं. बाहेर तो 420 पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भागांच्या, आसपास असतो. आता 4 मीटर रुंद, 5 मीटर लांब आणि 3 मीटर उंच अशी मीटिंगची खोली धरा. दार-खिडक्या बंद, आत आठ माणसं. बसलेलं माणूस तासाला साधारण 18 लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. आठ जणांचा हिशेब केला तर अर्ध्या तासात खोलीत 1200 पीपीएमची भर पडते आणि आकडा 1600च्या वर जातो. याचा अर्थ तुमच्या दर तीसेक श्वासांतला एक श्वास आधीच कोणाच्या तरी फुफ्फुसातून आलेला असतो. त्या आठांत फ्लूचा एक जण असेल, तर त्याचाही वाटा त्यात आला. शिवाय लक्षणं दिसण्याच्या आदल्या दिवसापासून फ्लू पसरू शकतो, त्यामुळे तो कोण हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसतं.

त्याच खोलीत माणशी सेकंदाला 10 लिटर बाहेरची हवा येऊ लागली, तर आकडा कितीही वेळ बसलात तरी 900च्या आसपास थांबतो. म्हणून मी खिडकी उघडायला लावते. एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा समोरासमोरची दार-खिडकी थोडी थोडी किलकिली केली तर हवा आरपार जाते, आणि एसीचा गारवाही फारसा वाया जात नाही.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेणार असाल तर एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने हा वायू मोजणाऱ्या सेन्सरचा घ्या. स्वस्तातले काही मीटर हा वायू मोजतच नाहीत, इतर वाफांवरून अंदाज बांधतात. शेजारी हातावर सॅनिटायझर घेतला की त्यांचा आकडा उडी मारतो, यावरून ते ओळखता येतात. आणि हवा गाळणारा प्युरिफायर लावलेला असेल, तर मीटरवर विसंबू नका. प्युरिफायर कण कमी करतो, वायू नाही. आकडा तेवढाच राहतो आणि हवा मात्र खरोखर सुधारलेली असते.

आता बस. खिडक्या उघड्या असल्या आणि बस पळत असली, तर हवा छान बदलते. पण तुमच्या मानेशी उभा असलेला माणूस खोकला, तर ती फुंकर खिडकीपर्यंत पोचायच्या आत तुमच्या नाकाशी आलेली असते. हवा बदलण्याचा उपयोग खोलीभर साचलेल्या श्वासासाठी; इतक्या जवळच्या श्वासाला ती पुरी पडत नाही. तिथे मास्कच हवा. गर्दीच्या ट्रेनचंही तसंच. खिडक्या न उघडणाऱ्या डब्यात तर दोन्ही अडचणी एकत्र येतात. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कोणी खोकत असेल, तर मीही मास्क काढत नाही.

एन95 नीट बसला तर सूक्ष्म कणांपैकी निदान 95 टक्के अडवतो. खरी मेख «नीट बसला तर» यात आहे. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मध्यापासून कडांकडे दाबत न्या आणि जोरात श्वास सोडा. डोळ्यांना वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ धरली, तर वरून फट आहे. दाढी असेल तर कडा चिकटतच नाही. हा मास्क धुऊ नका: त्याच्या आतल्या थरावर विद्युतभार असतो, कण त्याला चिकटतात, आणि साबणाने तो भार जातो. मास्क अख्खा दिसतो, पण गाळणं कमी झालेलं असतं. झडपेचा मास्क घालणाऱ्याचं रक्षण करतो, पण त्याचा सोडलेला श्वास न गाळताच बाहेर जातो, त्यामुळे खोकणाऱ्याने तो वापरण्यात अर्थ नाही.

आणि फोन आला की मास्क हनुवटीवर ओढून बोलणारे. बोलताना, विशेषतः मोठ्याने, आपण गप्प बसल्यापेक्षा कितीतरी जास्त कण बाहेर टाकतो. नेमका तेवढाच वेळ ही मंडळी मास्क खाली घेतात.