आठवड्याच्या गोळीचा कागद: मी काय वाचलं, काय सोडलं

आईला हाडांच्या ठिसूळपणासाठी अ‍ॅलेंड्रोनेट 70 मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, आठवड्यातून एक. वय 78, वजन 45 किलो. पट्टीत चारच गोळ्या असल्याने अख्खं खोकं मिळालं आणि आत घडी घातलेला कागदही. सुट्या गोळ्या घेतल्या की तो कागद दुकानातच राहतो. अशा वेळी केमिस्टकडे मागायचा. खोकं टाकलेलं नसेल तर तो देतो. खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून भागेल असं वाटत होतं, पण त्यात नाव, बॅच, मुदत, परवाना क्रमांक असली ओळख मिळते. गोळी कशी घ्यायची ते कागदावरच.

कागद इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं. मोबाइलने चार भागांत फोटो काढले आणि मोठे करून वाचले. वरच ‘नोंदणीकृत डॉक्टर, रुग्णालय किंवा प्रयोगशाळेच्या वापरासाठी’ अशी ओळ होती. म्हणजे कागद आपल्याला उद्देशून लिहिलेला नाही, आणि मजकुराचा क्रमही आपल्या सोयीचा नाही. रेणूची रचना आणि औषध शरीरात कुठे जातं हे सुरुवातीला. आपल्याला हवं ते मधल्या पानावर.

मी थेट ‘डोसेज अँड अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’वर गेलो. सकाळी उठल्यावर, दिवसाचं पहिलं खाणंपिणं किंवा दुसरं औषध घेण्याआधी किमान अर्धा तास, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी अख्खी गिळायची. चघळायची नाही, चोखायची नाही. त्यानंतर किमान अर्धा तास आणि काहीतरी खाईपर्यंत आडवं व्हायचं नाही. रात्री झोपताना किंवा सकाळी अंथरुणात असताना घ्यायची नाही.

हे इतकं कडक का, याचं उत्तर मी सोडून दिलेल्या औषधशास्त्राच्या भागात सापडलं. उपाशीपोटी घेतली तरी या गोळीचा शंभरातला एक भागसुद्धा रक्तात पोहोचत नाही. आकडा साधारण 0.6 टक्के. कॉफी किंवा संत्र्याच्या रसाबरोबर घेतली तर त्यातलेही सुमारे 60 टक्के जातात. नाश्त्याबरोबर किंवा त्यानंतर दोन तासांच्या आत घेतली तर जवळजवळ काहीच उरत नाही. आपल्याकडे डोळे उघडताच दुधाचा चहा आणि त्याच घोटाबरोबर सगळ्या गोळ्या, ही रीत. दुधातलं कॅल्शियम गोळीला पोटातच धरून ठेवतं. त्रास काही होत नाही, म्हणून वर्षभर गोळी वाया जातेय हे कळतही नाही. आडवं न होण्याचं कारण वेगळं आहे: गोळी अन्ननलिकेत अडकली किंवा पोटातून परत वर आली तर तिथे जखम होते.

‘साधं पाणी, मिनरल वॉटर नको’ या शब्दांवर मी जरा अडकलो. आपण प्रत्येक सीलबंद बाटलीला मिनरल वॉटर म्हणतो, पण बहुतेक बाटल्यांवर ‘पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर’ लिहिलेलं असतं. कागदाचा आक्षेप मुख्यतः कॅल्शियमसारख्या खनिजांनी भरलेल्या पाण्याला आहे. मग वाघोलीसारख्या भागात, जिथे बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं आणि भांड्याला पांढरा थर धरतो, तिथे नळाचं पाणी साधं कसं म्हणायचं? या एका गोळीपुरतं मी आरओ मशीनचं पाणी ठरवलं.

कॅल्शियमची गोळीही चालू होती. ‘ड्रग इंटरॅक्शन्स’मध्ये कॅल्शियम आणि अँटासिड यांचं नाव पहिलं. किमान अर्ध्या तासाचं अंतर चालतं. घोळ नको म्हणून ती मी दुपारच्या जेवणानंतर लावली. एखाद्या आठवड्याची गोळी राहिली तर आठवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्यायची आणि पुढे ठरलेल्या वाराला यायचं. एका दिवशी दोन नाहीत.

खरी मेख ‘कॉन्ट्राइंडिकेशन्स’ आणि ‘वॉर्निंग्ज’मध्ये निघाली. अन्ननलिका अरुंद झालेली असेल, अर्धा तास ताठ बसता किंवा उभं राहता येत नसेल, रक्तात कॅल्शियम कमी असेल, तर ही गोळी नको. त्यापुढे एक ओळ होती: क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं याचं माप, मिनिटाला 35 मिलीलिटरच्या खाली असेल तर शिफारस नाही. आईच्या रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे स्नायूंतून येणारा आणि मूत्रपिंडाने गाळायचा टाकाऊ पदार्थ, 1.0, रिपोर्टमध्ये नॉर्मल. त्याच रिपोर्टवर मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज सांगणारा ईजीएफआर 58. दोन्ही आकडे पाहून पुढे जाणं अगदी सहज होतं.

पण ‘क्रिएटिनिन क्लिअरन्स’ हा वेगळा हिशेब आहे. तो वय आणि वजन धरतो:

```
(140 − 78) × 45 ÷ (72 × 1.0) × 0.85 = 32.9
```

शेवटचा 0.85 हा स्त्रियांसाठी. म्हणजे 33, मर्यादेच्या खाली. ईजीएफआर ठरावीक आकाराच्या शरीराला धरून काढतात. बारीक, वयस्कर माणसाचे स्नायू कमी, म्हणून क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि मूत्रपिंड मंद असूनही रिपोर्टवर लाल खूण येत नाही. कागदावरचा आकडा कोणत्या मापात आहे ते न पाहता रिपोर्टशी जुळवला तर अशी गफलत होते. अर्थात 33 आल्यावर गोळी आपणच बंद करायची असं नाही. मर्यादेच्या जवळपासचा असा अंदाज हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असतो.

‘अ‍ॅडव्हर्स रिअ‍ॅक्शन्स’ची यादी मी शेवटी वाचली. बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि घाबरून कागद मिटतात. तक्त्यात औषधाच्या रकान्याशेजारी प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीचा, रकाना असतो, नजर तिथेच न्यायची. रोजच्या 10 मिलिग्रॅम गोळीच्या चाचण्यांत पोटदुखी 6.6 टक्क्यांना झाली, प्लासिबोवाल्यांत 4.8 टक्क्यांना. मळमळ तर प्लासिबोवाल्यांतच जास्त होती, 4.0 विरुद्ध 3.6. यादीत नाव आहे म्हणजे औषधानेच झालं, असं नसतं.

टक्केवारी बाजूला ठेवून लक्षात ठेवायच्या गोष्टी तीन निघाल्या. गिळताना दुखणं, छातीत दुखणं किंवा नव्याने जळजळ सुरू झाली तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन. दात काढायचा असेल तर आधी दंतवैद्याला या गोळीबद्दल सांगणं, कारण जबड्याचं हाड न भरून येण्याचा दुर्मीळ धोका आहे. आणि मांडीत किंवा जांघेत नवं दुखणं सुरू झालं तर ते वयावर ढकलायचं नाही.

डॉक्टरांकडे जाताना कागद, रिपोर्ट आणि वरचा हिशेब घेऊन गेलो. त्यांनी गोळी थांबवून क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी पुन्हा तपासायला सांगितलं. पुढचं औषध त्या आकड्यांवरून ठरणार आहे.