आकडा बरोबर, तरी मार्क कमी

«मॅडम, एक्सेलच्या प्रॅक्टिकलला आकडा बरोबर आला, तरी मार्क का कापता?»

दर बॅचला हे कानावर येतं. मुलं विचारतात, पालक फोन करून विचारतात, परवा लग्नात जेवताना समोरच्या बाईंनी विचारलं. आता एकदाच नीट लिहिते.

आमच्या प्रॅक्टिकलचा मोठा प्रश्न २० मार्कांचा आहे. पगारपत्रकात ४० माणसं आहेत आणि प्रत्येकाचा व्यवसाय कर काढून वर G2 मध्ये एकूण बेरीज आणायची. महाराष्ट्रात पगार ७,५०० पर्यंत असेल तर कर नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५ रुपये, त्याच्या वर २०० रुपये. फेब्रुवारीत वरच्या टप्प्याला ३०० होतात आणि महिलांना २५,००० पर्यंत सूट आहे. परीक्षेपुरत्या या दोन्ही गोष्टी मी बाजूला ठेवते आणि तसं प्रश्नपत्रिकेत लिहिते. टप्प्यांचा छोटा तक्ता शीटवर J आणि K कॉलममध्ये दिलेला असतो. अपेक्षा साधारण अशी असते:

```
=IF(C5<=$J$2,$K$2,IF(C5<=$J$3,$K$3,$K$4))
```

लोकांना वाटतं, मी चाळीस पगार डोळे मिटून भरले आहेत. त्या पगारांवर माझे दोन रविवार गेले. त्यात तीन जणांचा पगार नेमका ७,५०० आहे आणि दोघांचा नेमका १०,०००. एकाचा ८,२०० हा पगार मुद्दाम टेक्स्ट म्हणून ठेवला आहे. तो सेलमध्ये डावीकडे चिकटलेला दिसतो, कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. बाकी पाच जण ७,५०० च्या खाली, नऊ जण ७,५०० आणि १०,००० च्या मधे, वीस जण १०,००० च्या वर, आणि यादीतला शेवटचा माणूस या वीसातला. सगळं बरोबर केलं तर १७५ वाले बारा आणि २०० वाले वीस होतात, म्हणजे २,१०० अधिक ४,०००. बेरीज ६,१००.

आता चुका बघा. ७,५०० च्या ठिकाणी <= ऐवजी नुसतं < लिहिलं, तर त्या तिघांना १७५ लागतात आणि बेरीज ६,६२५ येते. तीच चूक १०,००० ला केली तर ६,१५०. टेक्स्टमधला ८,२०० तसाच राहिला तर ६,१२५, कारण आकड्याशी तुलना करताना एक्सेल टेक्स्टला कायम मोठं धरतं आणि त्या माणसाला थेट २०० लावतं. बेरजेची रेंज एक ओळ आधी संपली तर ५,९००. दोन-तीन चुका एकत्र झाल्या तरी प्रत्येक जोडीची बेरीज वेगळी येते, ते मी कागदावर मांडून पाहिलं आहे. म्हणून G2 मधला एक आकडा वाचला की मुलगा कुठे घसरला ते बहुतेक वेळा फाईल न उघडता कळतं. शेजारच्या रांगेला दुसरी फाईल असते, तिचं बरोबर उत्तर ५,८७५. तिथे ६,१०० दिसलं तर ते कुठून आलं हेही कळतं.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ६,१०० हा आकडा कॅल्क्युलेटरवर काढून G2 मध्ये टाईप करता येतो. म्हणून बरोबर आलेली फाईल मी उघडते, K3 मधले १७५ पुसून १८५ लिहिते आणि G2 कडे बघते. बारा माणसांचे दहा-दहा वाढायला हवेत, म्हणजे ६,२२०. बेरीज ६,१०० वरच थांबली तर एक तर आकडा हाताने लिहिलेला आहे किंवा फॉर्म्युल्याच्या पोटात १७५ कोंबलेले आहेत. सरकारने उद्या दर बदलला तर असं पगारपत्रक सगळं बरोबर दिसत चुकीचा पगार काढेल आणि ते महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येणार नाही. कापलेले मार्क त्याचे असतात.

एक खबरदारी सांगते, कारण इथे मी एकदा अन्याय करता करता वाचले. एक्सेलमध्ये गणित मॅन्युअलवर ठेवता येतं, आणि त्या दिवशी पहिली उघडलेली फाईल मॅन्युअल असेल तर मागून उघडलेल्या सगळ्या फाईली तशाच चालतात. मग १८५ लिहूनही काहीच हलत नाही आणि प्रामाणिक मुलं लबाड ठरतात. तपासायला बसताना मी आधी ते ऑटोमॅटिक आहे ना ते बघते, शंका आली तर F9 दाबते.

इथपर्यंत ऐकून लोक म्हणतात, मग तुमची पद्धत पक्की आहे की. नाही. का नाही, ते मी आजवर कोणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका बॅचला ५८ जण होते. निकाल दुसऱ्या दिवशी लावायचा होता. फाईली एकेक उघडत बसायला नको म्हणून मी एक तपासणी-शीट केली. प्रत्येकाच्या फाईलचं नाव म्हणजे त्याचा परीक्षा क्रमांक, आणि शीटमध्ये प्रत्येक फाईलच्या G2 ची लिंक.

```
='C:\Test\[1014.xlsx]Pagar'!$G$2
```

मजकुरातून लिंक बनवणारं INDIRECT फंक्शन बंद फाईलवर चालत नाही, #REF! देतं. म्हणून मी लिंकांचा मजकूर जोडून तयार केला, व्हॅल्यू म्हणून पेस्ट केला आणि = च्या जागी परत = रिप्लेस करून त्यांचे फॉर्म्युले बनवले. अठ्ठावन्न बेरजा एका कॉलममध्ये उभ्या राहिल्या. मला फार समाधान वाटलं होतं, ते लपवत नाही. त्यात तीन शून्यं होती. शून्य म्हणजे काहीच केलेलं नाही, असं मी धरलं. बेरीज बरोबर आलेल्या फाईली उघडून १८५ ची चाचणी केली. शून्यवाल्या तीन फाईली उघडल्याच नाहीत. निकाल फळ्यावर लागला.

त्या तिघांत एक ताई होत्या. वय तिशीच्या पुढे, लग्नानंतर दहा वर्षं घरात, आता एका पतसंस्थेत क्लार्कची जागा निघाली होती आणि त्यासाठी हे सर्टिफिकेट हवं होतं. त्यांनी तक्रार केली नाही. मला वाटतं त्यांनी निकाल बघितला आणि मान्य केला, कारण मॅडमनी दिलेला होता. दीड महिन्याने पेनड्राइव्ह घेऊन आल्या. म्हणाल्या, «मॅडम, माझी फाईल देता का? कुठे चुकलं तेवढं बघायचं होतं. परत फी भरायच्या आधी.»

मी त्यांच्यासमोरच फाईल उघडली. सगळ्यात वर एक नवी ओळ होती. सेल मर्ज करून, मधोमध, ठळक अक्षरात «मे महिन्याचे पगारपत्रक». त्यांच्या वडिलांच्या ऑफिसातल्या प्रत्येक कागदावर असं नाव असायचं, म्हणून त्यांनी ते घातलं होतं. त्या एका ओळीने सगळं शीट एक घर खाली सरकलं होतं. बेरीज G3 मध्ये होती. ६,१००. G2 रिकामं, आणि रिकाम्या सेलची लिंक एक्सेल शून्य दाखवतं.

मी १७५ चे १८५ केले. ६,२२०. टेक्स्टमधला ८,२०० त्यांनी आकड्यात बदलला होता. <= दोन्ही ठिकाणी बरोबर, डॉलर जिथल्या तिथे. अख्ख्या बॅचमध्ये यातलं सगळं जमलेली ती एकच फाईल होती.

त्यांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, «मग चुकलं कुठे?»

मी सांगितलं, तुमचं नाही, माझं चुकलं. निकाल त्याच दिवशी दुरुस्त करून घेतला, सर्टिफिकेटही मिळालं. पतसंस्थेतली जागा तोवर भरली होती. त्या मला काही बोलल्या नाहीत, «असू द्या मॅडम» एवढंच. मला ते आजही लागतं.

तेव्हाची मी म्हणाले असते, सूचनेत «ओळी वाढवू नका» असं लिहिलं होतं. लिहिलं नव्हतं. आणि लिहिलं असतं तरी, चांगलं पगारपत्रक करणाऱ्या बाईला शीर्षक दिल्याबद्दल शून्य देणं ही कसली परीक्षा? आता मी बेरजेच्या सेलला आधीच Ekun_Kar असं नाव देऊन फाईल वाटते. नाव दिलेला सेल खाली सरकला तरी नाव त्याच्याबरोबर जातं, आणि लिंकही नावाला लागते.

```
='C:\Test\1014.xlsx'!Ekun_Kar
```

तरी कोणी ती ओळच डिलीट करून बेरीज दुसरीकडे मांडली, तर नाव तुटतं. म्हणून शून्य, रिकामं किंवा एरर आलेली प्रत्येक फाईल मी स्वतः उघडते. #N/A आलं तर बहुधा VLOOKUP ला तो टेक्स्टमधला ८,२०० सापडलेला नसतो, आणि अशा फाईलमध्ये बाकी काम बरंच चांगलं असतं. नापास मी हाताने करते. त्याला जास्त वेळ जातो, आणि तो मी संस्थेकडून भांडून घेतला आहे.

टाईप केलेल्या आकड्याला मी पूर्वी शून्य द्यायचे. आता ६,१०० ला ८ मार्क देते, १८५ ची चाचणी पास झाली की उरलेले १२. हे बरोबर आहे का? मला माहीत नाही. हाताने काढलेल्या चाळीस करांमागेही मेहनत असते, आणि पूर्वी मी ती मोजतच नव्हते. दुसरीकडे, आठ मार्क देऊन मी ती सवय चालवून घेते, हेही खरं.

गेल्या बॅचची एक फाईल अजून माझ्या डेस्कटॉपवर आहे. त्या मुलाने प्रत्येकाच्या कराचा D कॉलम मोकळाच ठेवला. COUNTIF ने प्रत्येक टप्प्यातली माणसं मोजली, तक्त्यातल्या दराने गुणली आणि बेरीज केली. टेक्स्टमधला आकडा त्याने आधीच दुरुस्त केला होता. ६,१०० आले, १८५ केल्यावर ६,२२० झाले. माझी चाचणी पूर्ण पास. पण कोणाच्या पगारातून किती कापायचे, हे त्याच्या शीटवरून कळत नाही, आणि चाळीस स्लिपा छापायच्या तर ते शीट उपयोगाचं नाही. मी १४ दिले. तो दोनदा येऊन गेला. म्हणतो, प्रश्नात एकूण बेरीज मागितली होती. मी प्रश्नपत्रिका काढून पुन्हा वाचली. «प्रत्येकाचा» हा शब्द तिथे आहे, पण मार्क कशाला किती ते मी कुठेच लिहिलेलं नाही. सोमवारी तो परत येणार आहे.