रापणीचं श्रेय टॅगला देऊ नका : हॅशटॅगच्या वहीतून

पावसाळ्यानंतर मासेमारी सुरू झाली तेव्हापासून माझ्या प्रत्येक इन्स्टाग्राम पोस्टचे टॅग शीटमध्ये उतरवतोय. शीट कशी मांडलीय ते विचारणारे बरेच आहेत, म्हणून आधी तेवढं सांगतो.

एका पोस्टला एक ओळ असं नाही, एका टॅगला एक ओळ. पोस्टवर पाच टॅग असतील तर पाच ओळी. प्रत्येक ओळीत तारीख, रील की फोटो, विषय, टॅग आणि सातव्या दिवशीचा रीच. रीच म्हणजे किती वेगवेगळ्या खात्यांनी पाहिलं तो आकडा. त्यातलेही फक्त फॉलोअर नसलेले मी मोजतो, कारण आपले फॉलोअर टॅगशिवायही येतातच. प्रोफेशनल खातं असलं की इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये ही फोड दिसते. कुठल्या टॅगने किती माणसं आणली ते मात्र तिथे मिळत नाही. सगळी कसरत त्यासाठीच.

नुसता रीच ठेवून भागत नाही. मे महिन्यात आणि गणपतीत कोकणचं काहीही टाका, चालतं. म्हणून प्रत्येक रीचला त्याच प्रकारच्या आधीच्या दहा पोस्टच्या मध्यकाने भागतो. १ आलं तर नेहमीसारखं, २ आलं तर दुप्पट. सरासरी घेत नाही, कारण एखादं रील सुटलं की पुढचे दोन महिने सगळेच टॅग पडेल दिसतात.

आता रापण. #रापण या टॅगचा गुणांक २ च्या वर होता, सगळ्या वहीत पहिला. पण तो टॅग लागतो फक्त रापणीच्या रीलला. किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी माणसं दोर ओढतायत, जाळं जवळ येतंय, आणि शेवटी वाळूवर तारल्या-बांगडे उडतायत. एवढं दिसल्यावर कोण थांबणार नाही? आमच्या वाडीतल्या एका रापणकराने शीट बघून एका वाक्यात निकाल दिला, "लोकां मासो बघूक येतत, टॅग वाचूक नाय."

हे खरं की खोटं ते बघायला नाणं काढलं. रापणीचं रील तयार झालं की नाणेफेक. छापा पडला तर #रापण लावायचा, काटा पडला तर नाही. बाकीचे टॅग तेच, वेळही संध्याकाळचीच. नाणं अशासाठी की आपल्या मनावर सोडलं तर चांगल्या रीलला आपण नकळत आवडता टॅग लावतो. हंगामाच्या शेवटी टॅगवाल्या रीलचा मध्यक १.९ आणि बिनटॅगवाल्यांचा १.८ निघाला. मग दोन्ही बाजूंचं सगळ्यात जास्त चाललेलं रील काढून पुन्हा मोजलं, तर बिनटॅगवाले पुढे! एक रील काढल्यावर जो फरक उलटतो, तो फरक मी धरत नाही. रापणकर बरोबर होता.

हीच परीक्षा #मालवणीजेवण ला लावली. तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी, सोलकढी, असे साधे फोटो. टॅगसह १.३, टॅगशिवाय ०.९, आणि सगळ्यात जास्त चाललेला फोटो वगळल्यावरही क्रम तोच राहिला. माझा अंदाज असा की जेवणाच्या फोटोवर गाव दिसत नाही, तेव्हा हे काय आहे ते टॅग सांगतो. रापणीचं रील स्वतःच बोलतं. #konkan बद्दल मात्र काहीच सांगता येत नाही. तो प्रत्येक पोस्टवर होता, म्हणजे 'टॅगशिवाय' हा रकानाच रिकामा. जे टॅग कायम जोडीने लावता, त्यांचंही हेच होतं. एकाला आलटून-पालटून वगळल्याशिवाय दोघांचा हिशेब वेगळा होत नाही.

जुनी वही असलेल्यांसाठी : डिसेंबर २०२४ मध्ये इन्स्टाग्रामने हॅशटॅग फॉलो करायची सोय काढली. त्याच्या आधीचे आणि नंतरचे आकडे एका रकान्यात घालू नका.

आणि देवनागरी टॅग पायथॉनने वेगळे काढणार असाल तर हे आधी चालवून बघा :

```python
import re
s = "#मालवण #मासे"
re.findall(r"#\w+", s)      # ['#म', '#म']
re.findall(r"#[^\s#]+", s)  # ['#मालवण', '#मासे']
```

पायथॉनच्या `re` मधला `\w` काना-मात्रा अक्षरात धरत नाही, त्यामुळे पहिल्या मात्रेपाशी टॅग तुटतो. मालवण आणि मासे एकाच खात्यात जमा होतात, एररही येत नाही. शीटमध्ये एक-दोन अक्षरी टॅग दिसायला लागले की समजा हेच झालंय.

पुढच्या हंगामात नाणं #konkan वर. तो वगळायला हात धजत नाही, पण रकाना भरायचा तर वगळावा लागेल.