रविवारची किल्ली

२०१८ च्या मे महिन्यात आमच्या कार्यालयात एक निनावी पत्र आलं. आखीव वहीचं पान, दोन्ही बाजूंनी भरलेलं. कारखाना वायरिंग हार्नेसचा, म्हणजे गाड्यांसाठी तारांचे जुडगे बांधायचं काम. लाईनवर बहुतेक बायकाच. तक्रार अशी की संडासाला कुलूप असतं, किल्ली लाईन लीडरकडे, मागितली की तो म्हणतो जागी बसायला रिलीव्हर नाही. रविवारी ओव्हरटाइमला बोलावतात तेव्हा तर किल्लीवाला माणूसच येत नाही. 'म्हणून आम्ही पाणीच पीत नाही.'

निनावी पत्रं आमच्याकडे बहुधा फायलीला लागतात, आणि तक्रारीवरून भेट द्यायची तर वरून परवानगी आणावी लागते. या शेवटच्या वाक्यासाठी मी ती आणली. मी फॅक्टरी इन्स्पेक्टर. पदनामं बदलली, तरी कामगारांच्या तोंडी अजून हेच नाव आहे.

मंगळवारी अकराला गेले. तक्रारीवरून आलोय हे ओळखू द्यायचं नसतं. हा नुसता शहाणपणाचा भाग नाही, तेव्हाच्या कारखाने अधिनियमाच्या कलम ११८अ ने ते बंधनच घातलं होतं: तक्रार कुणाची हे गुप्त ठेवायचं आणि भेट तक्रारीवरून आहे हेही व्यवस्थापनाला सांगायचं नाही. म्हणून थेट संडासाकडे न जाता आधी प्रेसची गार्डं पाहिली, अग्निशामकांच्या तारखा पाहिल्या, मग कागद मागवले.

कागदांत मला हवं होतं ते पाण्याचं बिल. तिथे पाणी वीस लिटरच्या जारचं होतं आणि रोज चौदा जार यायचे. मॅनेजर म्हणाला, आमच्याकडे १६८ कामगार. कंत्राटदाराचा मस्टर मागवला तर आणखी १०४ निघाले. 'ते आमचे नाहीत मॅडम.' हे वाक्य मी नोकरीत इतक्या वेळा ऐकलंय की आता रागही येत नाही. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटदारामार्फत लावलेला माणूसही कामगारच असतो. म्हणजे झाले २७२. अडीचशेच्या वर गेलं की उन्हाळ्यात पाणी गार करून देणं बंधनकारक व्हायचं आणि कँटीनचा प्रश्नही उभा राहायचा. संख्या १६८ वर का अडवून धरली होती, ते तिथे उमगलं. पण मला वेगळंच खटकलं. चौदा जार म्हणजे २८० लिटर. मे महिना, पत्र्याचं छप्पर, आणि माणशी जेमतेम एक लिटर. कूलर तर भरलेला होता. पाणी होतं, प्यायला कुणी तयार नव्हतं.

मग म्हटलं, मला जायचंय. त्यांनी ऑफिसच्या टॉयलेटकडे नेलं: साबण, टॉवेल, डांबराच्या गोळ्या. मी म्हटलं, लाईनवरच्या बायका जातात तिथे. पाच मिनिटं किल्ली सापडेना. सापडली तेव्हा तिला हातभर लाकडी ठोकळा बांधलेला, खिशात राहू नये म्हणून.

बायका ९२. दर पंचवीस बायकांमागे एक या हिशेबाने चार संडास लागतात, आणि मंजूर नकाशात चार होतेही. म्हणूनच मला मोजणीपेक्षा भांड्यातलं पाणी बघायची सवय आहे. संडासाच्या वाकात नेहमी थोडं पाणी उभं असतं. रोजच्या वापरात ते आटत नाही. इथे दोन ठिकाणी ते पार सुकलं होतं, दारामागे खोक्यांची रद्दी. तिसऱ्यावर 'स्टाफ' अशी पाटी. ९२ जणींना एक, आणि तोही कुलपात. त्याच अधिनियमाचं कलम १९ म्हणायचं की कामगार कारखान्यात असेपर्यंत संडास कायम वापरता आला पाहिजे. ठोकळ्याची किल्ली त्यात बसत नव्हती. नकाशातली जेवणाची खोली तयार मालाने भरली होती, म्हणून बायका जिन्यावर बसून जेवत होत्या.

आठ जणींना एकेक करून बोलावलं. सगळ्या म्हणाल्या, काही त्रास नाही. कंत्राटदाराचा सुपरवायझर काचेपलीकडे उभा होता, त्याला हलवायला मी विसरले. ही माझी पहिली चूक. ती मी स्वतःला माफ केलीय.

दुसरी केलेली नाही. संध्याकाळी तपासणीचे शेरे लिहिताना पत्र समोर होतं. सगळे मुद्दे मांडले, आणि ओघात हेही लिहून गेले: 'रविवारी काम चालू असताना स्त्री कामगारांचा संडास पूर्णतः बंद असतो.' मी गेले मंगळवारी. त्या भेटीत रविवारचं मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. रविवारी यायच्या एकाच कंत्राटदाराच्या अकरा बायका. शेरे मॅनेजरच्या हाती पडल्यावर त्याला पत्र दाखवायची गरजच उरली नाही.

पुढच्या सोमवारी त्यांतली एक आमच्या ऑफिसात आली. डबा पिशवीत तसाच. गेटवर सांगितलं होतं, उद्यापासून येऊ नको. म्हणाली, 'मॅडम, पत्र मी नव्हतं लिहिलं.' मग म्हणाली, 'कुणी लिहिलं तेही मला माहीत नाही. मी त्या दिवशी किल्लीवरून जरा जोरात बोलले होते, तेवढंच.'

कामावर परत घेण्याचा हुकूम मला देता येत नाही. माझा अधिकार संडासाच्या दारापर्यंत. दोषी आढळले तर मी खटला भरू शकत होते, तोही तेव्हाच्या कायद्याने गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत. नोकरी गेली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयाकडे जावं लागतं. तिथे एकटी कामगारही कामावरून काढल्याची तक्रार लावू शकते, युनियन लागत नाही. मी अर्ज लिहून दिला, स्वतः घेऊन गेले. दोन तारखांना ती आली, तिसऱ्या तारखेला दुसरीकडे कामाला लागली होती. खाडा झाला तर तिथलीही नोकरी जाईल म्हणून आली नाही. तिला नावं कोण ठेवणार?

आता कुणी तक्रार कशी करू असं विचारलं, तर मी आधी सांगते की निनावी लिहू नका. सहीचं पत्र दप्तरी लावून टाकणं अवघड असतं, आणि नाव गुप्त ठेवायची जबाबदारी कायद्याने आमच्यावर आहे. शक्य असेल तर युनियनच्या किंवा दहा-बारा जणींच्या सहीने द्या. कारखान्याचा प्लॉट नंबर, पाळी, किती जणी, किती संडास उघडे, इतकं पुरे. जे फक्त चारच जणींना ठाऊक आहे, त्यावर खूण करा: 'हे शेऱ्यात नको.' आणि ते खरं कधी दिसेल तेही लिहा. 'रविवारी दुपारी या' एवढं त्या पत्रात असतं, तर मी रविवारीच गेले असते आणि ते वाक्य माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं ठरलं असतं. अर्थात पत्र लिहिणारीने हे शिकून घ्यावं ही अपेक्षाही उफराटीच. ते मला सुचायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी नवी कामगार संहिता लागू झालीय. त्यात कँटीनसाठी शंभर कामगार पुरतात, कंत्राटी धरून, आणि विश्रांतीच्या खोलीसाठी पन्नासाच्या वर. कंत्राटी माणसांच्या या सोयी थेट मूळ मालकानेच द्यायच्या आहेत. 'ते आमचे नाहीत' आता कुठल्या शब्दांत ऐकू येईल, याची वाट बघतेय.

त्या कारखान्यात मी २०१८ च्याच जूनअखेर फेरतपासणीला गेले, या वेळी रविवारी. चारही दारं उघडी, कड्या आतून, ठोकळा गायब. पाण्याची बिलं मागवली. पाऊस सुरू होऊन पंधरवडा झाला होता, हवा गार होती, आणि जार रोज एकतीस येत होते.

लाईनवर, जिला काढलं तिच्या जागी, एक नवी मुलगी बसली होती. पाण्याची बाटली तिच्या बोर्डाला टांगलेली होती.