ऊन उतरायच्या आधी गाणी

माझ्या सासूबाईंना अल्झायमर आहे. सकाळी बऱ्या असतात, पण ऊन उतरलं की पदराचं टोक चुरगाळत दाराशी जातात. "मला घरी जायचंय, आई वाट बघत असेल." आई कधीच गेली, हे सांगून उपयोग नाही, त्यांना ती बातमी दरवेळी नव्यानेच कळते.

गोळी वाढवण्याआधी गाणी लावून बघा, असं डॉक्टर म्हणाले. ओळखीची गाणी या आजारात बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात, विशेषतः दहा ते पंचविशीच्या वयात कानावर पडलेली. पण ती कुठली, हे मला कसं कळणार? त्यांच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. मावशी म्हणाल्या, "अगं, वाड्यात एकच रेडिओ. गीतरामायण लागलं की हातातली कामं टाकून सगळ्या तिथे!" १९५५च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नवं गीत यायचं, एकूण ५६. सासूबाई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांच्या. मंगळागौरीची गाणी आणि हरिपाठही मावशींनीच सुचवला.

गाणी मूळ आवाजातलीच लागतात. नव्या गायकाचं लावलं की त्या तोंड फिरवतात. मोबाइलवर मध्येच जाहिरात किंचाळायची आणि त्या दचकायच्या, म्हणून सगळी पेनड्राइव्हवर घेतली. टीव्ही बंद ठेवायचा आणि अंधारून यायच्या आत दिवे लावायचे. सगळ्यात महत्त्वाची वेळ: चलबिचल सुरू व्हायच्या अर्धा तास आधी. एकदा त्या दाराशी पोचल्या की गाणं म्हणजे त्यांना नुसता गोंगाट.

तीन-चार गाणी झाली की बंद करते. मग मी स्वतः गुणगुणते, खालच्या पट्टीत, सावकाश, कारण उंच सूर त्यांना नीट ऐकू येत नाहीत. ओळ अर्धी सोडली की पुढची त्या पुरी करतात. नातवाचं नाव न आठवणारी बाई अख्खं कडवं म्हणते! ओठ हलले, पाय ठेका धरू लागला, की लागू पडलं समजायचं. कपाळाला आठी आली की गाणं बदलायचं. वनवासाच्या गीतांना त्या रडायच्या. रडू आलं म्हणून लगेच बंद करावं असं मला वाटत नाही, पण त्यानंतर रात्रभर झोप नसायची, म्हणून ती काढून टाकली.

मध्यंतरी एका संध्याकाळी कशालाच दाद देईनात. मला ओळखेनात, दुपारी पेंगायच्या, संध्याकाळी कपडे ओढायच्या. तपासल्यावर लघवीचा संसर्ग निघाला. ताप अजिबात नव्हता. तेव्हा एक-दोन दिवसांत गोंधळ अचानक वाढला, तर गाणी बदलत बसू नका. पोट साफ आहे का, कुठे दुखतंय का ते बघा आणि लघवी तपासून घ्या.